एका स्कूपात कॅलरी किती? कप, कोन आणि वजनकाट्याच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

आजपासून हे सगळं एका जागी लिहून ठेवते कारण तेच आकडे परत परत शोधतेय आणि दर वेळी वेगळं उत्तर येतंय. बाबांच्या डाएटिशियन बाईंनी वजन कमी करायला जो तक्ता दिलाय त्यात रविवारचं आईस्क्रीम ठेवलंय, पण १५० कॅलरीच्या आत. बाबा आता ६८ चे आहेत, आयुष्यभर हिशेबाचं काम केलेला माणूस, त्यामुळे ते लगेच विचारतात, "अगं पण १५० म्हणजे किती? एक स्कूप की दीड?" मी म्हणलं थांबा, ॲपमध्ये बघून सांगते.

ॲपमध्ये "व्हॅनिला आईस्क्रीम, १ स्कूप" टाकलं तर तीन नोंदी आल्या. एक १३७, एक २०७, एक २४९. तिन्हीला नाव एकच. १३७ धरलं तर बाबांना एक पूर्ण स्कूप चालतो, २४९ धरलं तर अर्ध्याहून थोडा जास्त. त्यात आई म्हणाली की कोनमध्ये घेतलं तर कोनच्या वेगळ्या असतील ना. म्हणजे आता प्रश्न दोन झाले, स्कूप केवढा आणि कोन घ्यायचा की कप. बाबांना सांगितलंय की महिनाभरात पक्का आकडा देते.

८ एप्रिल, मंगळवार

घरात ७५० मिलीचा व्हॅनिलाचा डबा आहे, त्याच्यापासून सुरुवात केली. लेबलवर १०० ग्रॅममागे फॅट ११, कार्बोहायड्रेट २३, प्रोटीन ४ ग्रॅम आणि एनर्जी २०७ लिहिलंय. हाताने पडताळून बघितलं, फॅटला ग्रॅममागे ९ आणि बाकी दोघांना ४ कॅलरी, म्हणजे ९९ अधिक ९२ अधिक १६, बरोब्बर २०७. (लेबलवर किलोकॅलरी असतं, आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो ती तीच.) म्हणजे ॲपमधला २०७ हा मुळात स्कूपचा आकडाच नाहीये, तो १०० ग्रॅमचा आहे, कोणीतरी तो स्कूपच्या नावाने भरून ठेवलाय.

मग मी जी चूक केली ती इथे लिहून ठेवते कारण ती कोणीही करेल. डबा मिलीमध्ये, लेबल ग्रॅममध्ये, आणि मी सरळ ६० मिलीचा स्कूप धरून ६० गुणिले २.०७ करून १२४ लिहून टाकलं. रात्री झोपताना आठवलं की आईस्क्रीम म्हणजे पाणी नाही, १ मिली म्हणजे १ ग्रॅम कसं होईल. उठून डबा काट्यावर ठेवला. झाकणासकट ४४१ ग्रॅम भरला, न उघडलेला. तसाच एक जुना रिकामा डबा आईने डाळीसाठी ठेवलाय तो ३७ ग्रॅम. म्हणजे आतलं आईस्क्रीम ४०४ ग्रॅम, आणि जागा ७५० मिली. एका मिलीला साधारण ०.५४ ग्रॅम पडले. ६० मिलीचा स्कूप म्हणजे जेमतेम ३२ ग्रॅम आणि ६७ कॅलरी. मी १२४ लिहिलेलं, जवळपास दुप्पट.

९ एप्रिल, बुधवार

बाबांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना, "मग उरलेलं काय आहे त्या डब्यात?" हवा. आईस्क्रीम बनवताना मिश्रण थंड करत घुसळतात तेव्हा त्यात मुद्दाम हवा धरतात, या धंद्यात त्याला ओव्हररन म्हणतात. नुसत्या मिश्रणाचा लिटर साधारण १.१ किलो भरतो, त्याच्यात तेवढीच हवा घातली की दोन लिटर आईस्क्रीम होतं आणि लिटरचं वजन ५५० ग्रॅमवर येतं. हवा नसती तर ते दगडासारखं गोठलं असतं आणि चमचा लागला नसता, म्हणजे हवा घालणं ही काही फसवणूक नाही. पण किती घालायची याला खालची मर्यादा आहे, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमात साध्या आईस्क्रीमचा लिटर निदान ५२५ ग्रॅम भरायला हवा. आपला डबा ५३९ भरतोय, म्हणजे नियमात बसतोय पण काठावर.

बाबांना दाखवायला मापाच्या ग्लासात बरोबर १०० मिलीपर्यंत आईस्क्रीम दाबून न घालता भरलं आणि ओट्यावर ठेवून दिलं. तासाभरात वितळलं पण वर फेस तसाच होता, त्यामुळे आधी वाटलं की काही कमी झालंच नाही. मग झाकून ठेवून दिलं, सकाळी चमच्याने हलवून फेस बसवला तेव्हा पातळी ५५ च्या आसपास आली. घरी कोणी करून बघणार असेल तर फेस बसेपर्यंत थांबावं, नाहीतर चुकीचं दिसतं. (आणि ते रात्रभर बाहेर राहिलेलं नंतर कोणी पिऊ नका, मी टाकून दिलं.)

१३ एप्रिल, रविवार

आज स्कूपर. आपल्याकडचा दांडा दाबला की आतली पट्टी फिरते तसला आहे. असल्या स्कूपरना परदेशात नंबर असतात, बऱ्याचदा त्या आतल्या पट्टीवरच कोरलेला असतो, आणि नंबर जितका मोठा तितका स्कूप लहान. कारण तो नंबर म्हणजे एका अमेरिकन क्वार्टमध्ये, म्हणजे ९४६ मिलीमध्ये, असे सपाट भरलेले किती स्कूप बसतात ते. १६ नंबरचा ५९ मिली, २० नंबरचा ४७, ८ नंबरचा थेट ११८. आमच्यावर काहीच नंबर नाही, मंडईजवळ भांड्याच्या दुकानातून घेतलेला.

मग मापला. पाणी ओतलं तर पट्टीच्या फटीतून गळतं, म्हणून आत पातळ प्लास्टिकची पिशवी बसवून पाणी भरलं आणि ते पाणी काट्यावर घेतलं, ४७ ग्रॅम म्हणजे ४७ मिली. म्हणजे आमचा २० नंबरचा निघाला. तोंडाचा व्यास मोजपट्टीने मोजला ५.६ सेंटीमीटर, अर्ध्या गोलाच्या सूत्रात टाकून ४६ आले, म्हणजे नुसती मोजपट्टी असली तरी काम भागतं. भाचा शेजारी बसून बघत होता, त्याला विचारलं की व्यास एक सेंटीमीटरने वाढवला, ६.६ केला, तर किती वाढेल, तो म्हणाला थोडंसं. गणित केलं तर ७५ मिली. एक सेंटीमीटर डोळ्याला कळतही नाही आणि आईस्क्रीम दीडपटीच्याही वर जातं. "स्कूप मध्यमच होता" असं जे आपण म्हणतो त्याचा काही उपयोग नाही हे तिथेच कळलं.

आता खरं वजन. वाटी काट्यावर ठेवून काटा झीरो करायचा, स्कूप टाकायचा, वजन लिहायचं, परत झीरो. आधी मी वाटी फ्रीजरमध्ये गार करून घेतली होती वितळू नये म्हणून, पण गार वाटीवर दव धरतं आणि आकडा आपोआप वर सरकत राहतो, म्हणून मग साधी वाटी घेतली. दहा स्कूप सुरीने सपाट करून काढले, ते २७ ते ३१ ग्रॅममध्ये आले, सरासरी २९. हिशेबाने ४७ मिलीला २५ यायला हवे होते. जास्त येतात कारण स्कूपर ओढताना आईस्क्रीम दाबलं जातं आणि थोडी हवा निघून जाते. म्हणजे डब्यातलं आईस्क्रीम आणि वाटीतलं आईस्क्रीम हे मिलीच्या हिशेबाने एकच राहत नाही, ग्रॅमच्या हिशेबाने राहतं.

मग घरात आपण खरंच काढतो तसे, वर उंचवटा असलेले दहा काढले, ३६ ते ४७, सरासरी ४१. बाबांना म्हणलं तुमच्या हाताने काढा, त्यांचा ५४. स्कूपर तोच, आईस्क्रीम तेच, आणि कॅलरी ६०, ८५ आणि ११२.

आणखी एक गोष्ट. डबा फ्रीजरमधून काढल्या काढल्या आईस्क्रीम कडक असतं, पापुद्रे निघतात आणि गोळ्यात पोकळ्या राहतात, तेव्हा उंचवट्याचा स्कूपसुद्धा ३६-३७ च भरला. दहा मिनिटं बाहेर ठेवून काढले ते ४५ च्या पुढे. एप्रिलमध्ये पुण्यात डबा टेबलावर आणून गप्पा मारत वाढला की स्कूप आपोआप जड होतो.

१५ एप्रिल, मंगळवार

ॲपमधला १३७ कुठून आला ते सापडलं. तो अमेरिकेच्या सरकारी तक्त्यातला आहे, अर्धा कप व्हॅनिला, ६६ ग्रॅम. अमेरिकन अर्धा कप म्हणजे ११८ मिली, म्हणजे मिलीला ०.५६ ग्रॅम, आपल्या डब्यासारखंच हवेशीर आईस्क्रीम आहे ते. फक्त हा "एक स्कूप" वजनाने आमच्या स्कूपरचे सपाट सव्वादोन स्कूप आहेत! शिवाय तिकडे २०१६ साली लेबलचे नियम बदलले तेव्हा एका वेळचं प्रमाण अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कप केलं, कारण लोक खरंच तेवढं खातात, त्यामुळे आता तिकडच्या नव्या डब्यांवरचा आकडा अजून मोठा दिसतो, साधारण १८० च्या घरात, आईस्क्रीम तेच असूनही. आणि २४९ हा त्याच तक्त्यातल्या जास्त फॅटवाल्या व्हॅनिलाचा, तोही १०० ग्रॅमचा.

म्हणजे तीन आकडे, त्यातला एकही स्कूपचा नाही. ॲपमध्ये स्कूप निवडायचाच नाही, ग्रॅम निवडायचे, हे ठरलं.

२० एप्रिल, रविवार

घरचं झालं पण बाबांना खरं आवडतं ते पार्लरमधलं, फळांचं, आणि तिथे लेबल नसतं. खिशात मावेल असा छोटा काटा घेतलाय, आज आम्ही सहा जण गेलो आणि सगळ्यांनी सिंगल स्कूप कपमध्ये घेतलं. काउंटरवरच्या दादांना आधीच सांगितलं की वडिलांच्या डाएटसाठी वजन करतेय, ते म्हणाले करा की ताई, आणि एक रिकामा कप पण दिला झीरो करायला.

सहा कप, एकाच माणसाने, एकाच स्कूपरने, दहा मिनिटांत भरलेले. ७०, ७२, ७६, ७९, ८४ आणि ९१ ग्रॅम. सरासरी ७९. सगळ्यात जड चिकूचा होता, तो ट्रे नुकताच अर्धा संपलेला आणि मऊ पडलेला, हलका अंजीराचा, नवा ट्रे, कडक. दादा म्हणाले मऊ ट्रेमधून गोळा जास्तच येतो, हात थांबत नाही. त्यांच्याकडे दांड्याची पट्टी नसलेला साधा स्कूपर आहे, पाण्यात बुडवून ओढत नेतात आणि गोळा गुंडाळत जातो, त्यामुळे स्कूपरला कुठला नंबर असला तरी त्याने काही ठरत नाही, किती ओढलं त्यावर ठरतं.

येताना अर्ध्या लिटरचा डबा पॅक करून आणला, घरी रिकाम्या डब्याचं वजन वजा करून ४०५ ग्रॅम भरला. मिलीला ०.८१. डबा हाताने भरलेला असल्यामुळे कोपऱ्यात थोडी पोकळी होती, म्हणजे खरा आकडा याच्यापेक्षा थोडा वरच असेल, कमी नाही. आमच्या व्हॅनिलापेक्षा दीडपट जड. दिसायला तेवढाच गोळा, ९७ मिलीचा, घरच्या डब्यातला असता तर ५२ ग्रॅम आणि १०८ कॅलरी, इथला ७९ ग्रॅम आणि १६० च्या आसपास.

इथे बाबांनी चांगला प्रश्न विचारला, "जड आहे म्हणजे जास्त पौष्टिक का?" तर १०० ग्रॅमच्या कॅलरी हवेने बदलत नाहीत, हवेचं वजन जवळपास नाहीच. त्या बदलतात फॅट आणि साखरेने. फॅट ११ वरून १६ वर गेलं की १०० ग्रॅमला २५० च्या आसपास जातं. म्हणून मी दोनच भाव धरलेत, साधं आणि फळांचं ग्रॅमला २ कॅलरी, मलई, चॉकलेट, सुकामेवावालं ग्रॅमला अडीच. फळांच्यात फळाचं पाणी असतं त्यामुळे दोनच्या खालीही जाऊ शकेल पण बाबांसाठी वरचाच धरलेला बरा.

२२ एप्रिल, मंगळवार

ऑफिसच्या मैत्रिणीने सांगितलं की मोठ्या साखळीच्या दुकानांत बोर्डवर कॅलरी लिहिलेल्या असतात. बरोबर आहे, २०२० च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे १० किंवा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्यांना मेनूवर कॅलरी आणि एका सर्व्हिंगचं प्रमाण दाखवावं लागतं. ज्यांच्या बोर्डवर ते आहे तिथे काम सोपं, पण तिथेही शेजारचे ग्रॅम वाचायचे. ६० ग्रॅमला १३० लिहिलेलं असेल आणि हातातला गोळा ८५ भरला तर कॅलरी १८० च्या पुढे गेल्या.

२७ एप्रिल, रविवार

आज कोन. तेच पार्लर, तेच सहा जण, सगळ्यांनी वॅफल कोन. कोन काट्यावर आडवा ठेवता येत नाही, म्हणून घरून स्टीलचा उंच पेला नेला, पेला झीरो करायचा आणि कोन त्यात उभा. रिकामे दोन कोन आधी तोलून घेतले, १८ आणि १८. ते वजा करून आईस्क्रीम ६६, ६९, ७१, ७३, ७५, ८०, सरासरी ७२.

म्हणजे कपात ७९ आणि कोनात ७२, ही मला अपेक्षा नव्हती, मला उलट वाटलेलं की कोनात दाबून भरतात म्हणजे जास्त जाईल. दादांनाच विचारलं. ते म्हणाले कोनवर गोळा फार मोठा ठेवला की मुलांच्या हातातून पडतो, आणि कपात एकच गोळा टाकला की कप रिकामा दिसतो, गिऱ्हाईक बघत राहतं, मग वरून थोडं लावतोच. सहाच नमुने आहेत, दुसऱ्या दुकानात दुसरा माणूस असेल तर हे उलटंही निघेल, त्यामुळे हे मी फक्त या पार्लरपुरतं धरतेय.

कोनच्या कॅलरी सोप्या निघाल्या. मैदा आणि साखरेचा भाजलेला कोरडा पदार्थ, कुठलाही कोन असला तरी ग्रॅमला साधारण ४ कॅलरी. त्यामुळे प्रकार कोणता याच्यापेक्षा वजन किती हे महत्त्वाचं. लग्नात मिळतो तो फिकट, हलका, तोंडाला चिकटणारा वेफरचा कोन घरी पाकिटातून आणून तोलला तर ५ ग्रॅम, म्हणजे २० कॅलरी. पार्लरचा वॅफल १८ ग्रॅम, ७२ कॅलरी. बाहेरच्या तक्त्यांमध्ये मोठा वॅफल कोन २९ ग्रॅमचा दाखवतात, १२१ कॅलरी. आणि आतून चॉकलेट फासलेला असेल तर ते चॉकलेट ग्रॅमला ५ च्या वर, दहा ग्रॅम फासलं की पन्नास.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. कप, ७९ गुणिले २, १५८. वॅफल कोन, ७२ गुणिले २ म्हणजे १४४, अधिक ७२, २१६. साधा वेफर कोन असता तर १४४ अधिक २०, १६४, म्हणजे कपाएवढाच. हे लिहिताना मला खूप बरं वाटलं कारण आई कित्येक वर्षं साधा कोन हवा असूनही कप घेतेय, कोनने वजन वाढतं म्हणून. त्या साध्या कोनच्या २० कॅलरी म्हणजे दहा ग्रॅम आईस्क्रीम, आणि कपांमध्येच सगळ्यात हलक्या आणि जड गोळ्यात २१ ग्रॅमचा फरक होता, ४२ कॅलरींचा. वॅफलचं मात्र तसं नाही, त्याचा फरक गोळ्याच्या फरकापेक्षा मोठा आहे, तो मोजावाच लागतो.

४ मे, रविवार

काटा सगळीकडे नेणं बाबांना जमणार नाही, नातेवाईकांकडे तर नाहीच. डोळ्याने अंदाज येईल असं माप पाहिजे. टेबल टेनिसचा चेंडू वगैरे बाबांना काही सांगत नाही, पण भाजी-फळं ते पन्नास वर्षं स्वतः आणतायत.

म्हणून आज फळांचं आकारमान मोजलं. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवायचं, झीरो करायचं, फळ सुईला टोचून पाण्यात पूर्ण बुडवायचं, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही, काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके मिली. (टेकलं की फळाचं वजनही त्यात येतं आणि आकडा चुकतो, लिंबू तसंही तरंगतं म्हणून दाबून धरावं लागतं.) मध्यम लिंबं ४४ ते ५२ निघाली, ५० धरलं. चिकू ८० ते ९०, ८५ धरलं. मोसंबी १८० च्या आसपास, ती डबल स्कूपला.

मग शीटमध्ये एकच ओळ केली, पहिल्या रकान्यात मिली, दुसऱ्यात हलकं की जड त्याचा आकडा, तिसऱ्यात ग्रॅमला कॅलरी, चौथ्यात कोनचे ग्रॅम:

```
=A2*B2*C2+D2*4
```

हलकं म्हणजे ०.५५, जड म्हणजे ०.८. कंपनीच्या फॅमिली पॅकमधलं, तोंडात टाकताच विरघळून नाहीसं होणारं ते हलकं. चमचा घालताना हाताला जोर लागतो, वितळल्यावर फेस न होता दाट बासुंदीसारखं दिसतं ते जड. मटक्यातलं हाताने फिरवलेलं जडमध्येच, आणि कुल्फीत तर हवा घालतच नाहीत, तिला मी १ धरलंय. फ्रोझन डेझर्ट लिहिलेलं असेल तर फॅट दुधाऐवजी वनस्पती तेलाचं असतं पण फॅटला ग्रॅममागे ९ च, त्यामुळे त्याने कॅलरीचा हिशेब बदलत नाही.

लिंबाएवढा हलका गोळा ५५. चिकूएवढा जड १३६.

११ मे, रविवार

दोन परीक्षा झाल्या. काल मामेबहिणीच्या मुलाचं लग्न होतं, तिथे आईस्क्रीमच्या काउंटरवर लहान दोन गोळे वाटीत देत होते. बाबा म्हणाले दोन लिंबं, हलकं, म्हणजे ११०. मी पर्समधून काटा काढून कोपऱ्यात तोललं, ५८ ग्रॅम, ११६. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झालेला.

आज पार्लरमध्ये मात्र चुकलं. ते म्हणाले चिकू, जड, १३६. भरला ८३ ग्रॅम, म्हणजे १६६. तीसने कमी सांगितलं, आणि दुसऱ्यांदा आईच्या कपावरही तसंच झालं. कारण शोधायला कप उभा कापून बघितला. गोळा कपाच्या काठावर जेवढा दिसतो तो वरचाच भाग, खाली तो कपाचा तळ भरेपर्यंत दाबलेला असतो, आणि वरून बघताना ते दिसत नाही. लग्नातली वाटी उथळ होती म्हणून तिथे बरोबर आलं. आता ठरवलंय की उभ्या कपात असेल तर अंदाजात त्याचा पाव हिस्सा मिळवायचा. आजच्या दोन्ही कपांना तसं करून बघितलं, १३६ चे १७० झाले, १६६ च्या शेजारी.

वर काजूचे तुकडे घातले असतील तर ते वेगळे धरायचे, दहा ग्रॅम काजूंच्या ५५ कॅलरी, म्हणजे एक अख्खं लिंबू आईस्क्रीम.

१८ मे, रविवार

तक्ता फ्रीजवर लावला. घरच्या डब्यातला आमच्या स्कूपरचा उंचवट्याचा एक स्कूप ८५, बाबांच्या हातचा ११२. दुकानातला १०० मिलीचा बंद कप हलका असेल तर ११० च्या आसपास, आणि हाच एकटा असा की ज्यात अंदाज करावा लागत नाही, माप छापलेलंच असतं, म्हणून प्रवासात तो. पार्लरचा सिंगल कप १४० ते १८०, साधा कोन तेवढाच, वॅफलचा २०० च्या वर. पार्लरला एकच आकडा लिहायचा मी खूप प्रयत्न केला पण ७० ते ९१ ग्रॅम बघितल्यावर तो खोटा ठरेल म्हणून पट्टाच ठेवला, आणि डाएटिशियन बाईंना दाखवलं तर त्याही म्हणाल्या असंच ठेवा.

बाबा म्हणाले १५० ची मर्यादा आहे तर मी तिथे गोळा थोडा कमी मागून घेईन. आज घेतला. दादांनी कडक ट्रेमधून दिला. संध्याकाळी वहीत त्यांच्याच अक्षरात नोंद बघितली, "अंजीर, कप, चिकूहून लहान, जड, अंदाजे १४०. काटा: ७४ ग्रॅम, १४८."